आलेखाबाहेरचा पैसा

२०२० च्या नवरात्रात नागपुरात एका साखरपुड्याला गेलो होतो. करोनामुळे कार्यक्रम पन्नास माणसांत उरकलेला, खुर्च्या लांब लांब मांडलेल्या. जेवणं झाल्यावर मुलाकडचा एक तरुण आमच्या मामांना फोनवर आलेख दाखवत बसला. मामा वेकोलितून निवृत्त झालेले. २०१० मध्ये कोल इंडियाचा इश्यू आला तेव्हा त्यांनी शंभर शेअर घेतले आणि ठेवून दिले. तरुणाने बोटाने रेघ डावीकडून उजवीकडे सरकवली आणि निकाल दिला, “बघा मामा, दोनशे पंचेचाळीसला घेतलात, आज एकशे पंधरा. दहा वर्षं आणि अर्धे पैसे. बँकेत ठेवले असते तरी दुप्पट झाले असते.” मामा ओशाळून हसले. माझ्या डोक्यात मात्र तिडीक गेली, कारण ज्या बचत खात्यातून मामांचं विजेचं बिल जातं, त्याच खात्यात त्या दहा वर्षांत या शेअरचे पैसे दर वर्षी येत होते, आणि त्या आलेखात त्यातला एक रुपयाही नव्हता.

तो तरुण एकटा असता तर सोडून दिलं असतं. पण अशी मंडळी सगळीकडे भेटतात. मी त्यांना भाववाले म्हणतो. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शेअर म्हणजे भाव. घेतला तेव्हाचा भाव आणि आजचा भाव, यांतला फरक म्हणजे नफा किंवा तोटा, बाकी सगळी मनाची समजूत. डिव्हिडंड ही चिल्लर आहे. शिवाय तो मिळाला की शेअरचा भाव तेवढाच उतरतो, म्हणजे डाव्या खिशातलं उजव्या खिशात. आणि तो परत गुंतवून चक्रवाढीचे आकडे दाखवणं हा कागदावरचा खेळ, कारण असं करतो कोण?

सुरुवात मुदत ठेवीपासूनच करू, कारण ते उदाहरण त्या तरुणानेच दिलं. मामांनी तेच साडेचोवीस हजार दहा वर्षांच्या ठेवीत ठेवले असते आणि व्याज दर तिमाहीला बचत खात्यात घेतलं असतं, तर दहा वर्षांनी पावतीवर किती रक्कम असती? साडेचोवीस हजार. एक पैसा जास्त नाही. मग “दहा वर्षांत ठेवीने काहीच दिलं नाही” असं कोणी म्हणतं का? ठेवीचं व्याज मोजायचं, तेही चक्रवाढीने, म्हणून तर ती “दुप्पट”. आणि शेअरचा लाभांश मात्र चिल्लर म्हणून बाजूला टाकायचा. एका पारड्यात सगळा माल आणि दुसऱ्यात फक्त पोतं, असं वजन करायला कुठला किराणावाला तयार होईल?

आता खिशांचा युक्तिवाद. भाववाल्यांना हा स्वतःचा हुकमी एक्का वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबू. लाभांश जाहीर झाला की एक तारीख ठरते. त्या दिवसापासून जो शेअर घेईल त्याला तो लाभांश मिळत नाही, म्हणून त्या सकाळी शेअर साधारण तेवढ्या रकमेने खाली उघडतो. बाजारात याला ‘एक्स-डिव्हिडंड’ झाला म्हणतात. कोल इंडियाने जानेवारी २०१४ मध्ये शेअरमागे २९ रुपये अंतरिम लाभांश दिला. तेव्हा भाव तीनशेच्या अलीकडेपलीकडे होता, म्हणजे जवळजवळ दहा टक्के रक्कम एका फटक्यात शेअरमधून बाहेर पडली. सरकारकडे तेव्हा नव्वद टक्के शेअर होते आणि तिजोरीला पैसा हवा होता. अठरा हजार कोटींहून जास्त रक्कम वाटली गेली, आणि मामांसारख्यांच्या वाट्याला शंभर शेअरमागे २,९०० रुपये आले.

भाववाले म्हणतात, मिळालं काय? भाव तेवढाच पडला की. अगदी बरोबर. आणि तुमचा आलेख नेमका त्याच पडलेल्या भावाचा आहे! डाव्या खिशातून २९ रुपये गेले हे आलेखाने टिपलं, उजव्या खिशात २९ रुपये आले हे टिपलं नाही. लाभांशाने भाव उतरतो हे जितकं खरं मानाल, तितका नुसत्या भावाचा आलेख खोटा ठरतो. हा युक्तिवाद लाभांश मोजू नका असं सांगत नाही, तो मोजल्याशिवाय तोंड उघडू नका असं सांगतो. बोनस किंवा स्प्लिट झाला की हीच मंडळी मागचे भाव दुरुस्त करून घेतात. एकाचे दोन शेअर झाले आणि भाव निम्म्यावर आला तर “निम्मे पैसे बुडाले” असं कोणी ओरडत नाही. मग कंपनीने शेअरऐवजी रोख दिली की दुरुस्ती का नको? सर्वसाधारण आलेखात ती आपोआप होत नाही, आणि जे आपोआप होत नाही ते घडलंच नाही असं समजायची सवय लागली आहे.

चिल्लर म्हणता, तर मोजू. कोल इंडियाचा इश्यू ऑक्टोबर २०१० मध्ये २४५ रुपयांना आला. सरकारने दहा टक्के हिस्सा विकून पंधरा हजार कोटींहून जास्त उभे केले, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा इश्यू. किरकोळ गुंतवणूकदारांना पाच टक्के सूट होती, ती इथे धरत नाही. ४ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, शेअर बाजारात नोंदला गेला आणि पहिल्याच दिवशी ३४० च्या पुढे बंद झाला. पहिल्या आर्थिक वर्षाचा लाभांश शेअरमागे ३.९० रुपये, ही खरोखर चिल्लर. पुढे १०, मग १४, मग ते २९. त्यानंतर २०.७०, २७.४०, १९.९०, १६.५०, १३.१० आणि २०१९-२० चा १२. बेरीज होते १६६ रुपये ५० पैसे. नवरात्रातल्या त्या संध्याकाळी मामांकडे ११५ रुपयांचा शेअर होता आणि त्याच शेअरने आधीच हातात ठेवलेले साडेएकशे सहासष्ट होते. एकूण २८१ च्या पुढे. २४५ चे दहा वर्षांत २८१ ही काही मिरवायची कमाई नाही, ठेवीने नक्कीच जास्त दिलं असतं. पण “अर्धे पैसे गेले” आणि “पैसे शाबूत, वर थोडे” यांत फरक नाही का? गुंतवणूक रडकी होती असं म्हणायला माझी हरकत नाही. खोटी आकडेमोड करून म्हणायला आहे.

आता पुनर्गुंतवणूक. इथे मला भाववाल्यांइतकाच त्यांच्या विरुद्ध टोकाच्या मंडळींचाही राग येतो. डिव्हिडंड परत गुंतवला की जादू होते, असं हे दुसरे लोक सांगत फिरतात. जादूबिदू काही नाही. लाभांशाच्या पैशांतून एक्स-डेटच्या आसपासच्या भावाने तोच शेअर घ्यायचा, म्हणजे हातातले शेअर दर वेळी लाभांश भागिले भाव इतक्या प्रमाणात वाढतात. बस, एवढंच गणित. आपल्याकडे कंपनी स्वतःहून लाभांशाचे शेअर करून देत नाही आणि अर्धा-पाव शेअर मिळत नाही. पैसे बँकेत येतात आणि खरेदी आपली आपण करायची असते. शंभर शेअरवर पहिल्या वर्षी ३९० रुपये आले, भाव ३१५ च्या घरात. एक शेअर घ्या आणि ७५ रुपये पुढच्या खेपेला ठेवा. जानेवारी २०१४ पर्यंत असे साधारण १०९ शेअर झाले असते. त्यांच्यावर २९ रुपयांप्रमाणे ३,१६१ रुपये आले, भाव लाभांश उतरून २७० च्या आसपास, म्हणजे एका दमात अकरा शेअर.

हे असंच चालू ठेवलं तर ऑक्टोबर २०२० मध्ये शंभराचे जवळपास १८० शेअर होतात. खरेदीचे भाव मी त्या त्या महिन्यातले गोल करून धरलेत, दोन-चार शेअर इकडेतिकडे होतील. ११५ च्या भावाने त्यांची किंमत वीस हजार सातशे. आणि ज्या मामांनी काहीच न करता लाभांश खात्यात पडू दिला, त्यांचे साडेअकरा हजार अधिक साडेसोळा हजार, म्हणजे अठ्ठावीस हजारांच्या वर. पुनर्गुंतवणूक करणारा शहाणा तोट्यात आणि आळशी मामा नफ्यात! जादूवाल्यांनी हे कधी सांगितलंय? कारण उघड आहे. त्या शहाण्याने २०१५ मध्ये ३६५ ने, २०१६-१७ मध्ये तीनशेच्या अलीकडेपलीकडे घेतलेले शेअरही ११५ वर आले होते. भाव उतरत असताना परत घातलेला प्रत्येक रुपया उतरत्या मालात जातो. एकूण परतावा मोजायची पद्धत ही बाजू लपवत नाही, ती हाही तोटा प्रामाणिकपणे दाखवते. म्हणून तर ती वापरायची.

तिथेच थांबलो असतो तर भाववाल्यांना टाळ्या वाजवायला जागा मिळाली असती. पण हिशेब ऑक्टोबर २०२० ला संपला नाही. २०१५ मध्ये लाभांशाच्या अडीच हजार रुपयांत सात शेअर मिळत होते. नोव्हेंबर २०२० मध्ये साडेतेराशे रुपयांतच अकरा मिळाले. पुढेही बराच काळ भाव खालीच घोटाळत राहिला, कंपनी लाभांश देत राहिली आणि त्या काळात हाताला लागलेले शेअर पुढच्या तेजीत नुसते उधळले. मार्च २०२४ अखेर भाव ४३४ च्या घरात होता. तोवर शंभराचे सुमारे २६० शेअर झाले असते, किंमत एक लाख तेरा हजारांच्या आसपास. लाभांश खात्यात ठेवणाऱ्या मामांचे त्या दिवशी अडुसष्ट हजारांना थोडे कमी. आणि भाववाल्यांच्या आलेखात? त्रेचाळीस हजार चारशे. तेच शंभर शेअर, तीच कंपनी, तीच साडेतेरा वर्षं. एकाच शेअरबद्दल “वर्षाला साडेचार टक्क्यांच्या आसपास” आणि “वर्षाला बारा टक्क्यांच्या आसपास” अशी दोन उत्तरं येतात, आणि पहिलं उत्तर देणाराच छातीठोकपणे बोलत असतो.

“पण बारा टक्के कोणाला मिळाले? कोणी परत गुंतवतच नाही,” हा पुढचा वार. घरभाडं मिळालं आणि ते किराण्यात गेलं, म्हणून घराने भाडं दिलंच नाही असं होत नाही. खर्च केलात हा तुमचा निर्णय. तो निर्णय शेअरच्या खात्यावर का टाकता? दोन गुंतवणुकींची तुलना करायची तर दोन्हींतून निघालेला पैसा एकाच नियमाने वागवावा लागतो, आणि परत त्याच जागी घालणं हा त्यातला सगळ्यात सरळ नियम. ज्याला स्वतःचा खरा हिशेब हवा त्याने प्रत्येक लाभांश ज्या तारखेला खात्यात आला त्या तारखेने एक्सेलमध्ये लिहावा, खरेदी उणे चिन्हाने, आजची किंमत शेवटी, आणि XIRR काढावा. अर्ध्या तासाचं काम आहे. साखरपुड्यात आलेख दाखवायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ, हे मान्य.

दोन मुद्दे मात्र मी मान्य करतो. पहिला कराचा. मार्च २०२० पर्यंत लाभांशावरचा कर कंपनी भरत असे आणि लहान गुंतवणूकदाराच्या हाती आलेली रक्कम करमुक्त होती. १ एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या टप्प्याने कर बसतो. वरच्या टप्प्यातल्या माणसाला त्यानंतरच्या लाभांशातला जवळपास तिसरा हिस्सा सोडावा लागतो. त्याच्यासाठी वरचे बारा टक्के अकराच्या आसपास येतात. अकराचे साडेचार होत नाहीत, हेही लक्षात घ्या. दुसरा मुद्दा घेतल्या भावाचा. मी सगळा हिशेब २४५ ने मांडला. पहिल्या दिवशी उत्साहात ३४० ने घेणाऱ्याला लाभांश तेवढाच मिळाला, पण घातलेली रक्कम जास्त असल्याने त्याच्या पैशाचे पुनर्गुंतवणुकीसकटही जेमतेम सव्वातीन-साडेतीन पटच झाले. महाग घेतलेल्या शेअरची लाज लाभांश झाकत नाही.

तुलना कशाशी करायची, यातही हीच चलाखी होते आणि ती शिकल्यासवरल्या लोकांनी वर्षानुवर्षं केली. निफ्टी ५० चा जो आकडा बातम्यांत येतो तो नुसत्या भावाचा. नोव्हेंबर २०१० च्या सुरुवातीला तो सहा हजार तीनशेच्या थोडा खाली होता, मार्च २०२४ अखेर बावीस हजार तीनशेच्या वर, म्हणजे साडेतीन पट. पण त्या पन्नास कंपन्याही लाभांश देतात, वर्षाला साधारण सव्वा-दीड टक्का. तो परत घातल्यावर होणारा वेगळा निर्देशांक, ज्याला टीआरआय म्हणतात, तेवढ्याच काळात चारपटीच्या पुढे जातो. आता कोल इंडियाचे लाभांशासकट साडेचार पट घेऊन निफ्टीच्या साडेतीनशी तुलना केली, तर कोल इंडियाने निफ्टीला धूळ चारली असं दिसतं. खरं म्हणजे थोडीशीच पुढे आहे, आणि ३४० ने घेणाऱ्यासाठी मागे. लाभांश एका बाजूला धरायचा आणि दुसरीकडे नाही, ही लबाडी दोन्ही दिशांनी करता येते. म्युच्युअल फंडांनी ती बराच काळ केली. त्यांच्या एनएव्हीत कंपन्यांकडून आलेला लाभांश जमा होतो, आणि तुलना मात्र नुसत्या भावाच्या निर्देशांकाशी. दर वर्षी सव्वा टक्का फुकटची आघाडी! शेवटी सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली, आणि बऱ्याच फंडांची “बाजारापेक्षा जास्त” कमाई एका रात्रीत रोडावली. देशाच्या नियामकाने जी चूक नियम करून बंद केली, ती आपले भाववाले साखरपुड्यात ज्ञान म्हणून वाटत असतात.

उत्साही नवशिक्यांना एक इशारा. याहू फायनान्सवरून जुने भाव उतरवलेत तर Close आणि Adj Close असे दोन रकाने दिसतात. Close मध्ये स्प्लिट-बोनसची दुरुस्ती असते, Adj Close मध्ये त्याबरोबर लाभांशाचीही. म्हणजे Adj Close मध्ये लाभांश आधीच धरलेला आहे. मी लोकांना Adj Close चा परतावा काढून त्यावर पुन्हा लाभांशाची बेरीज करताना पाहिलंय. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्हाला पक्का माहीत असलेला जुना भाव शोधा. पहिल्या दिवशीचे ३४० Adj Close मध्ये बरेच कमी दिसत असतील, तर लाभांश आत धरलेला आहे, पुन्हा मिळवू नका.

कोणी म्हणेल, इतकं चिडायचं कारण काय, एका शेअरचा तर हिशेब. कारण याच अर्धवट हिशेबावर लोक निर्णय घेतात. “दहा वर्षांत काही दिलं नाही” असं ऐकून निवृत्त माणसं भरपूर लाभांश देणारा शेअर विकतात आणि ज्याचा आलेख वर चढलेला दिसतो तो घेतात. तो चढतो, कारण तो काही वाटत नाही. वाटणाऱ्याला न वाटणाऱ्याच्या मापाने मोजलं की वाटणारा नेहमीच खुजा दिसणार. नुसता भावाचा परतावा हा कमी अचूक परतावा नाही, तो परतावाच नाही, जसा नुसता मूळ पगार म्हणजे पगार नाही. लाभांश न धरता कोणी शेअरची वर्षावर्षांची कमाई सांगत असेल, तर तो हिशेब सांगत नाहीये, आलेखाचं वर्णन करतोय. त्याला एकच प्रश्न विचारा: यात लाभांश धरला आहे का? उत्तर “नाही” आलं, तर पुढचं ऐकून घ्यायची गरज नाही.

मागच्या वर्षी मामांकडे गेलो तेव्हा त्यांची पासबुकं मागून घेतली. जुन्या दोन पासबुकांची शाई फिकी झालेली, एका पानावर चहाचा डाग. कोल इंडियाच्या नोंदी पेन्सिलने खूण करत मार्च २०२४ पर्यंत आलो आणि बेरीज मारली. मामांनी चष्मा लावून ती दोनदा तपासली. शेअरमागे दोनशे पंचेचाळीस रुपये घातले होते, दोनशे चव्वेचाळीस रुपये पंचवीस पैसे रोख परत आले होते, आणि शंभर शेअर डीमॅट खात्यात जसेच्या तसे होते.